स्पेनमधला कंपनीचा ऑनलाइन कोर्स : प्रगती ९२ टक्के, तरी प्रमाणपत्राला कुलूप का?

वेदा_सारागोसा | १९ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सारागोसाजवळच्या एका मालगोदामात काम करते. कंपनीने आम्हा काही जणांना गोदाम व्यवस्थापनाचा ६० तासांचा ऑनलाइन कोर्स लावून दिलाय, कामावरून आल्यावर करायचा. माझं स्पॅनिश कामापुरतं चांगलं आहे, पण कोर्सच्या पानावरच्या सगळ्या पाट्या मिळून नेमकं काय म्हणतायत ते कळेनासं झालंय.

वरच्या पट्टीत प्रगती ९२ टक्के दिसते. वाचायची सगळी पानं उघडून झालीत, प्रत्येकापुढे हिरवी खूण आहे. पण सगळ्यात खाली `Certificado` आहे, त्यावर कुलूप. `Caso práctico` नावाची एक टास्क आहे, तिथे `Fecha de entrega` १५ मार्च, म्हणजे उलटून गेली. कोर्स २७ मार्चला संपतोय. ऑफिसमधली बाई म्हणते ७५ टक्के झाले की प्रमाणपत्र मिळतं. मग माझे ९२ कमी कसे पडतात? आणि ती १५ तारीख गेली म्हणजे सगळंच गेलं का?

ट्यूटरला दोनदा निरोप टाकलाय, अजून उत्तर नाही.

निशांत_व्ही | १९ मार्च, रात्री ११:१५

हे ७५ टक्के तासांचे असतात. ६० तासांचा कोर्स म्हणजे ४५ तास लॉगिन दिसलं पाहिजे. माझ्या बायकोने वायादोलिदला वर्गात बसून एक कोर्स केला होता. तिथे रोज सही घ्यायचे आणि पाऊण हजेरी भरली नाही तर प्रमाणपत्र नाही. तुम्ही पानं भराभर उघडली असतील तर वेळ कमी पडला असेल. पान उघडं ठेवून तास भरून काढा.

गोदाकाठ | २० मार्च, सकाळी ७:०५

निशांत, वर्गातल्या कोर्सला तुमचं बरोबर आहे, तिथे हजेरीच मोजतात. वेदाताईंचा कोर्स मात्र तेलेफॉर्मासिऑन, म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण, या प्रकारचा आहे आणि त्याचा नियम वेगळा. ठरवून दिलेल्या नियतकालिक चाचण्यांपैकी किमान ७५ टक्के ज्याने केल्या, त्याने कोर्स पूर्ण केला असं धरतात. जोडणी किती तास होती याच्याशी संबंध नाही, आणि हे नियमात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. मी माद्रिदला एका प्रशिक्षण केंद्रात बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो. पान उघडं ठेवून तास भरण्याने काहीच हलणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

वेदाताई, वरची पट्टी आणि कुलूप या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. पट्टी सगळ्या गोष्टी सारख्याच धरते. पान उघडलं तरी एक, परीक्षा दिली तरी एक. कुलूप बघतं ते फक्त चाचण्यांकडे. तुमच्या कोर्समध्ये वाचायच्या नोंदी किती आणि चाचण्या किती, मोजून सांगाल का? `Guía didáctica` नावाची एक पीडीएफ अगदी वर असते, तिच्यात चाचण्यांची यादी मिळेल. आणि प्रत्येक चाचणीच्या पानावर आत जाऊन स्थिती काय लिहिलीय ती जशीच्या तशी इथे टाका. बाहेरच्या खुणेवर जाऊ नका.

नाशिकचा_पाऊस | २० मार्च, सकाळी ९:३०

मी एनपीटीईएलचे तीन कोर्स केलेत, त्यामुळे हे ओळखीचं वाटतंय. तिथे १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ असाइनमेंट असतात, त्यातल्या सर्वोत्तम ८ धरतात. त्याचे २५ पैकी निदान १० आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ पैकी निदान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. म्हणजे ७५ हा आकडा परीक्षेच्या गुणांचा असणार. वेदाताई, परीक्षा केंद्र निवडायची मुदत गेली नाही ना, ते आधी बघा.

गोदाकाठ | २० मार्च, सकाळी ९:५२

नाही हो, इथे केंद्र नाही आणि ७५ हे गुणही नाहीत. चाचण्यांची संख्या आहे ती. ८ चाचण्या असतील तर ६ केलेल्या हव्यात.

वेदा_सारागोसा | २० मार्च, दुपारी ३:२०

जेवणाच्या सुट्टीत मोजलं. एकूण ४० नोंदी आहेत. त्यातल्या ३२ वाचायच्या (पानं, पीडीएफ, दोन-तीन व्हिडिओ) आणि ८ चाचण्या: ६ घटकांचे ६ `Cuestionario`, एक `Caso práctico` आणि एक `Evaluación final`.

पहिले पाच `Cuestionario` झालेत, गुण दिसतात. सहाव्यात आत गेले तर `En curso` लिहिलंय. प्रश्न सगळे सोडवलेले आहेत, उत्तरंही दिसतात. `Caso práctico` मध्ये माझी फाइल आहे, पण वर `Borrador (no enviado)`. `Evaluación final` करड्या रंगात आहे, उघडतच नाही.

गोदाकाठ | २० मार्च, संध्याकाळी ६:१०

आता चित्र पूर्ण झालं.

पट्टीचा हिशोब: ३२ वाचन आणि ५ चाचण्या मिळून ३७. चाळीसात सदतीस म्हणजे साडेब्याण्णव, पट्टी अपूर्णांक सोडून ९२ दाखवते. कुलुपाचा हिशोब: आठात पाच, म्हणजे साडेबासष्ट. पंचाहत्तरच्या खाली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. याच कोर्समध्ये कुणी अठराच पानं उघडली आणि सहा चाचण्या दिल्या, तर त्याची पट्टी ६० दाखवेल आणि तरी तो पात्र ठरेल. आमच्याकडे दर तुकडीत अशी एक तरी जोडी निघते आणि दोघांनाही वाटतं की आपल्यावर अन्याय झाला.

वाचनाच्या हिरव्या खुणेबद्दलही सांगतो. हे व्यासपीठ मूडलवर बांधलेलं दिसतंय. त्यात पानाची अट साधारणपणे «पाहिलं पाहिजे» एवढीच ठेवलेली असते. दुवा दाबला की खूण लागते. चाळीस पानी पीडीएफ उघडून लगेच बंद केली तरी ती झाली असंच दिसतं. म्हणून ती पट्टी तुम्ही काय वाचलं ते सांगत नाही, कुठे कुठे गेलात ते सांगते.

आता तुमचं काम. सहाव्या चाचणीत परत जा, शेवटच्या आढावा पानापर्यंत जा आणि `Enviar todo y terminar` दाबा. त्यावर एक खात्रीची चौकट येते, तिथे तेच पुन्हा दाबायचं. उत्तरं दिसतात ती फक्त जतन झालेली आहेत, दिलेली नाहीत. `En curso` जाऊन `Finalizado` आलं की झालं. एवढ्याने सहा होतील, आठात सहा म्हणजे बरोबर ७५. नियमात «किमान» आहे, त्यामुळे ७५ पुरतात.

`Caso práctico` चंही तसंच. फाइल चढवली की मसुदा होतो. त्या पानावर `Enviar tarea` हे आणखी एक बटण असतं, ते दाबल्यावर स्थिती `Enviado para calificar` होते. मात्र ते दाबण्याआधी फाइल नीट बघून घ्या, कारण नंतर तुम्हाला ती बदलता येणार नाही.

वेदा_सारागोसा | २० मार्च, संध्याकाळी ६:३५

पण `Fecha de entrega` तर १५ लाच गेली. `Tiempo restante` च्या ओळीत लाल अक्षरं आहेत, इतके दिवस उशीर म्हणून. आता दिलं तर घेतील का?

गोदाकाठ | २० मार्च, संध्याकाळी ७:००

मूडलच्या टास्कला दोन वेगळ्या तारखा लावता येतात. `Fecha de entrega` ही अपेक्षित तारीख. ती उलटली की नोंदीवर उशीर झाल्याचा शिक्का बसतो, पण दार बंद होत नाही. दार बंद करते ती `Fecha límite`. अडचण अशी की ही दुसरी तारीख ट्यूटरच्या बाजूला दिसते, विद्यार्थ्याला त्या पानावर सहसा दिसत नाही. म्हणून लोक पहिल्या तारखेची लाल अक्षरं बघून हात वर करतात. मला विचाराल तर हा मांडणीतला खरा दोष आहे. आम्ही आमच्या कोर्समध्ये दुसरी तारीख टास्कच्या वर्णनातच ठळक अक्षरात लिहायला लागलो, कारण नोकरी करणाऱ्या माणसाला पुढचा आठवडा हातात आहे की नाही हे कळलंच पाहिजे.

तुम्हाला दार उघडं आहे की बंद ते ओळखायची खूण आहे. पानावर `Editar entrega` किंवा `Enviar tarea` बटण अजून असेल तर दार उघडं आहे. बटणंच गायब झाली असतील तर `Fecha límite` उलटली. मग ट्यूटरकडे `ampliación`, म्हणजे मुदतवाढ, मागावी लागते. ती एकेकट्या विद्यार्थ्याला देता येते.

बाणेरची_मुग्धा | २० मार्च, रात्री ८:४५

मी पुण्यातून लिहितेय. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस बार्सेलोनाला आहे आणि आम्हालाही अशाच व्यासपीठावर कोर्स दिलेत. माझा त्रास तारखांचाच आहे. मार्गदर्शक पीडीएफमध्ये मुदत रविवार, २९ मार्च, २३:५९. माझ्या पानावर तीच मुदत सोमवार, ३० मार्च, पहाटे ३:२९ दिसते. आधीच्या आठवड्याच्या टास्कला २२ मार्च २३:५९ होतं आणि मला २३ तारखेची पहाटे ४:२९ दिसतेय. दोन आठवड्यांत एक तासाचा फरक कसा पडला? व्यासपीठ चुकतंय का?

गोदाकाठ | २० मार्च, रात्री ९:२०

चुकत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, यंदा तो रविवार २९ मार्च. तोपर्यंत भारत साडेचार तास पुढे, त्यानंतर साडेतीन तास. पीडीएफमध्ये माद्रिदची वेळ छापलेली आहे आणि पानावर तुमच्या प्रोफाइलमधल्या `Zona horaria` प्रमाणे वेळ दिसते. क्षण तोच आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे उलटं होईल.

लास_पाल्मासकर | २० मार्च, रात्री ९:४०

भारत तर लांबच राहिला, कॅनरी बेटांवर आम्ही माद्रिदच्या एक तास मागे असतो. आमच्या हॉटेलातल्या बऱ्याच जणांच्या प्रोफाइलला माद्रिदची वेळ तशीच राहिलेली होती. पानावर २३:५९, मनगटावर २२:५९, आणि लोक म्हणायचे तासभर आधीच बंद झालं. प्रोफाइल दुरुस्त केल्यावर पानावरच २२:५९ दिसायला लागलं, मग तक्रार थांबली.

बाणेरची_मुग्धा | २० मार्च, रात्री १०:०५

धन्यवाद, आता उलगडा झाला. पण मग ते ७५ टक्क्यांचं आम्हालाही लागू होतं का? आमच्या एचआरने ८० सांगितलंय.

गोदाकाठ | २० मार्च, रात्री १०:३०

तुम्हाला लागू नाही. स्पेनमध्ये कंपन्या आणि कामगार सामाजिक सुरक्षेच्या हप्त्याबरोबर प्रशिक्षणासाठीही थोडी रक्कम भरतात. कंपनीने कामगारांना कोर्स दिला की त्याचा खर्च ती पुढच्या हप्त्यांतून वळता करून घेऊ शकते. हा सगळा कारभार फुन्दाए ही सरकारी प्रतिष्ठान संस्था बघते. ७५ टक्क्यांची अट या सवलतीशी जोडलेली आहे. कामगार तिथवर पोचला नाही तर कंपनीला त्या माणसापुरती सवलत मागता येत नाही. ऑफिसातल्या बाई म्हणूनच आकडा तोंडपाठ सांगतात. तुम्ही भारतातल्या पगारपत्रकावर आहात, तुमचा हप्ता तिथे जात नाही. तुमचे ८० हा कंपनीचा स्वतःचा नियम. तो तासांवर आहे की चाचण्यांवर, ते एचआरलाच विचारा.

निशांत_व्ही | २० मार्च, रात्री ११:१०

गोदाकाठ, तुमचं मान्य. पण तास कुणीच बघत नाही हेही पूर्ण खरं नसावं. माझ्या मित्राच्या कोर्समध्ये प्रमाणपत्राच्या पानावरच लिहिलं होतं की इतकी मिनिटं कोर्समध्ये घालवल्याशिवाय ते मिळणार नाही.

गोदाकाठ | २१ मार्च, सकाळी ८:००

हो, तेही असतं. मूडलसाठी प्रमाणपत्र बनवायचं जे जोडसाधन बरेच जण वापरतात, त्यात किमान मिनिटांची अट घालायची सोय आहे. ती केंद्राने स्वतः घातलेली अट असते. ती मिनिटं नोंदवहीतल्या हालचालींवरून काढतात, म्हणून पीडीएफ उतरवून रेल्वेत वाचलेली दोन तास तिथे दिसतच नाहीत. नोकरदार माणूस अभ्यास करतो तो असाच, त्यामुळे ही अट घालणं मला पटत नाही. पण केंद्रं ती घालतात, कारण तपासणीला आलेला माणूस व्यासपीठात स्वतंत्र खात्याने शिरून नोंदी बघतो आणि ६० तासांच्या कोर्समध्ये कुणाचे एकूण चाळीसच मिनिटं दिसले तर प्रश्न विचारतो.

पॅकेजवाला_कोथरूड | २१ मार्च, सकाळी ११:२५

मी पुण्यात ई-लर्निंगची पॅकेजं बनवतो, त्यातली काही स्पॅनिश केंद्रांना जातात. वाचनाच्या खुणेबद्दल एक भर घालतो. वेदाताईंच्या कोर्समध्ये साधी पानं आहेत, म्हणून उघडलं की खूण. पण घटक स्कॉर्म पॅकेजच्या रूपात असेल, म्हणजे वेगळ्या खिडकीत स्लाइड्स चालतात तो प्रकार, तर गोष्ट उलटी होते. तिथे खूण पॅकेज स्वतः पाठवतं, शेवटच्या स्लाइडवर असं काहीतरी:

```
LMSSetValue("cmi.core.lesson_status", "completed");
LMSCommit("");
LMSFinish("");
```

माणसाने शेवटच्या स्लाइडच्या आधीच टॅब बंद केला, किंवा लॅपटॉप झोपून सत्र तुटलं, तर या ओळी पोचतच नाहीत आणि सगळं वाचूनही `incomplete` राहतं. दुसरी गोष्ट जुन्या १.२ आवृत्तीची. कुठल्या स्लाइडवर थांबलात ते ज्या जागेत साठवतात तिला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. लांब घटकात ती भरली की पुढची प्रगती जतन होत नाही आणि दर वेळी त्याच स्लाइडवर परत आणून सोडतं. असं कुणाला होत असेल तर दोष तुमचा नाही, पॅकेजचा आहे. केंद्राला तसं कळवा, स्लाइडचा क्रमांक देऊन. आम्हाला नेमका तोच लागतो. आणि बाहेर पडताना खिडकीतलं बाहेर पडायचं बटण वापरा, ब्राउझरची फुली नको.

वेदा_सारागोसा | २१ मार्च, दुपारी ४:५०

`Enviar tarea` बटण अजून होतं! सहावी चाचणी आणि `Caso práctico` दोन्ही दिलं. टास्कपुढे `Enviado para calificar` आलंय आणि `Evaluación final` उघडली. म्हणजे ती टास्क दिल्याशिवाय उघडू नये अशीच बांधलेली असणार.

पण `Certificado` वर कुलूप तसंच आहे. आठात सात झाले ना आता?

गोदाकाठ | २१ मार्च, संध्याकाळी ५:३०

सात झाले, साडेसत्त्याऐंशी टक्के. कुलूप लगेच न उघडण्याची दोन कारणं असू शकतात. एकतर कोर्स पूर्ण झाल्याची नोंद त्याच क्षणी होत नाही, व्यासपीठाची मागे ठराविक वेळाने एक फेरी होते तेव्हा ती बसते. तेव्हा उद्या सकाळपर्यंत थांबून बघा. दुसरं, केंद्राने कुलूप अंतिम परीक्षेच्या उत्तीर्ण गुणांना जोडलेलं असू शकतं.

इथे नियमात दोन वेगवेगळे कागद आहेत. ज्याने कोर्स पूर्ण केला त्याला सहभागाचं प्रमाणपत्र. ज्याने पूर्ण करून मूल्यमापनातही यश मिळवलं त्याला डिप्लोमा. पुष्कळ केंद्रं व्यासपीठावर फक्त डिप्लोमाच ठेवतात आणि सहभागाचा कागद नंतर मेलने पाठवतात. कोर्स संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत तो तुमच्या हाती द्यायला ते बांधील आहेत. तेव्हा २७ तारखेला कुलूप दिसलं म्हणून कागद मिळणार नाही असा अर्थ काढू नका. पण परीक्षा उघडलीच आहे तर द्या. पुढच्या नोकरीत डिप्लोमाचं वजन वेगळं पडतं.

नाशिकचा_पाऊस | २१ मार्च, संध्याकाळी ६:१५

एक शंका. चाचणी दिली पण नापास झालो, तर ती «केली» मध्ये धरतात की नाही?

गोदाकाठ | २१ मार्च, संध्याकाळी ६:४०

नियम केल्याबद्दल बोलतो, पास होण्याबद्दल नाही. माझ्या मते धरली पाहिजे आणि आमच्याकडे धरतात. पण काही केंद्रं व्यासपीठावर अट «उत्तीर्ण गुण मिळाले पाहिजेत» अशी लावतात. मग नापास चाचणी पट्टीतही येत नाही आणि कुलुपातही नाही. अशा वेळी केंद्राकडे लेखी विचारावं.

पॅकेजवाला_कोथरूड | २१ मार्च, संध्याकाळी ७:०५

आमचे एक स्पॅनिश ग्राहक याच्या नेमकं उलट सांगतात. पास झाल्याशिवाय चाचणी झाली असं धरायचं नाही, तपासणीत वाद नको म्हणून.

गोदाकाठ | २१ मार्च, संध्याकाळी ७:३०

ते सावधपणे वागतायत, पण त्यात कामगाराचं नुकसान होतं. मला ते मान्य नाही.

वेदा_सारागोसा | २२ मार्च, सकाळी १०:१५

परीक्षा दिली, ५० लागत होते, ६८ मिळाले. पट्टी १०० झाली आणि आज सकाळी कुलूप उघडलं. डिप्लोमा उतरवून घेतलाय, त्यावर ६० तास आणि कोर्सच्या तारखा आहेत. ट्यूटरचं उत्तर अजूनही नाही.

आता माझ्याबरोबरच्या एकाचा प्रश्न. तो सेनेगलचा आहे, रात्रपाळीला असतो. त्याच्या चार चाचण्या झाल्यात, `Caso práctico` ची बटणं गायब आहेत, आणि सुपरवायझर त्याला म्हणाला की कोर्स पूर्ण केला नाहीस तर पैसे पगारातून कापू. असं करता येतं का?

गोदाकाठ | २२ मार्च, सकाळी ११:००

आधी चाचण्यांचं. आठात चार आहेत, दोन हव्यात. टास्क बंद असली तरी घटकांच्या चाचण्या उघड्या असतील तर २७ च्या आत त्यातल्या दोन दिल्या की सहा होतात. त्याने टास्कच्या मागे न लागता तिथून सुरुवात करावी. सोबत ट्यूटरला `ampliación` साठी लिहावं, पण २७ च्या पुढची मुदत मागू नये. त्या तुकडीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा फुन्दाएला कळवलेल्या असतात, त्या ट्यूटरच्या हातात नसतात.

पगार कापण्याबद्दल मी ठाम बोलणार नाही, तो माझा विषय नाही. कंपनीची सवलत बुडते हे खरं, पण त्याचा भार कामगारावर टाकता येतो असं मी कुठे वाचलेलं नाही. सुपरवायझरचं म्हणणं लेखी मागा आणि कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला दाखवा.

लास_पाल्मासकर | २२ मार्च, दुपारी १२:२०

आमच्या हॉटेलात असंच झालं होतं, प्रतिनिधी मध्ये पडल्यावर कापलं नाही. पण आमच्याकडे कुणी कसली सही केलेली नव्हती. त्याने कोर्स सुरू करताना कुठल्या कागदावर सही केलीय का, ते विचारून घ्या.

वेदा_सारागोसा | २२ मार्च, दुपारी १:०५

विचारते. तो आज रात्री पाळीला भेटेल. त्याच्या उरलेल्या चाचण्यांपैकी कुठल्या उघड्या आहेत तेही त्याच्या फोनवर बघून लिहिते.